ज्युलियन दिवस क्रमांक: खगोलशास्त्रज्ञ नेमके काय मोजतात?

११ नोव्हेंबर १५७२ च्या संध्याकाळी टायको ब्राहेला शर्मिष्ठा तारकासमूहात एक नवाच तेजस्वी तारा दिसला. पुढे ९ ऑक्टोबर १६०४ रोजी भुजंगधारी तारकासमूहात तसाच दुसरा तारा इटलीतल्या निरीक्षकांच्या नजरेस पडला. केप्लरने त्याचा इतक्या चिकाटीने पाठपुरावा केला की आज तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. दोन्ही सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड स्फोट होते. आता साधा प्रश्न: या दोन तारखांमध्ये किती दिवस गेले?

कागद-पेन्सिल घेऊन मोजू. ११ नोव्हेंबर १५७२ ते ११ नोव्हेंबर १६०४ ही ३२ वर्षे. त्यांचे ३६५ प्रमाणे ११६८० दिवस. मध्ये १५७६ पासून १६०४ पर्यंत आठ लीप वर्षे येतात, म्हणून ११६८८. आपल्याला ९ ऑक्टोबरलाच थांबायचे आहे, म्हणजे ३३ दिवस वजा. उत्तर ११६५५.

बेरीज-वजाबाकी बिनचूक आहे, पण उत्तर चुकले आहे. प्रत्यक्षात ११६४५ दिवस गेले. पहिली तारीख एका कॅलेंडरातली आणि दुसरी दुसऱ्या कॅलेंडरातली, आणि मधल्या काळात दहा तारखा कॅलेंडरातून वगळल्या गेल्या. तारखा वगळल्या म्हणून पृथ्वीने स्वतःभोवती दहा फेऱ्या कमी मारल्या नाहीत, पण तारखांवर भरवसा ठेवून मोजणारा माणूस मात्र दहा दिवसांनी फसतो. असे फसायला नको म्हणून खगोलशास्त्रज्ञ तारखेऐवजी एक आकडा वापरतात. त्याला ज्युलियन दिवस क्रमांक म्हणतात, बोलताना नुसते ‘जेडी’. आणि गंमत अशी की ज्या घोळातून सुटण्यासाठी हा आकडा वापरायचा, त्याच घोळातल्या जुन्या कॅलेंडरचे नावही ज्युलियनच. म्हणून ‘जेडी म्हणजे ज्युलियन कॅलेंडरातली तारीख’ असा समज सहज होतो. तो साफ चुकीचा आहे.

आकडा काय सांगतो

जेडी मोजतो फक्त दिवस. एक ठरलेला क्षण शून्य धरला आहे आणि तिथून आजवर किती दिवस उलटले, एवढेच तो सांगतो. त्यात महिना नाही, वर्ष नाही, लीप वर्ष नाही. पुस्तकात प्रकरणे कितीही लहानमोठी असली तरी पानांचे क्रमांक सलग चालतात, तसा हा प्रकार आहे.

शून्याचा तो क्षण म्हणजे इ.स.पू. ४७१३ मधल्या १ जानेवारीची दुपार, बरोबर बारा वाजता, ग्रीनिचच्या वेळेनुसार. ही तारीख ज्युलियन कॅलेंडर मागे ताणून लिहिलेली आहे. आपले आजचे ग्रेगोरियन कॅलेंडर तसेच मागे ताणले तर तोच क्षण इ.स.पू. ४७१४ मधल्या २४ नोव्हेंबरला येतो. क्षण एकच, त्याला दिलेली नावे दोन. काही ग्रंथांत तेच वर्ष −४७१२ असे लिहिलेले दिसते, कारण खगोलशास्त्रज्ञ इ.स.पू. १ ला वर्ष शून्य धरतात आणि त्यामुळे मागचे सगळे आकडे एकाने सरकतात.

तिथून मोजत आलो की १ जानेवारी २००० च्या दुपारी बारा वाजता जेडी २४५१५४५.० होतो. म्हणजे त्या आदिम दुपारपासून बरोबर २४५१५४५ दिवस पूर्ण झाले. दशांश चिन्हानंतरचा भाग दिवसाचा अपूर्णांक आहे, तासांचा नव्हे. म्हणून .२५ म्हणजे दुपारी बारानंतर सहा तास, अर्थात संध्याकाळचे सहा. .५ म्हणजे मध्यरात्र. .७५ म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळचे सहा. एक दशांश म्हणजे दोन तास चोवीस मिनिटे. तास-मिनिटे-सेकंद ही साठाची भानगडच इथे नाही, आणि गणित करणाऱ्याला ते फार सोयीचे पडते.

दिवस दुपारी सुरू करायचा हा विक्षिप्तपणा वाटतो खरा, पण त्याला कारण आहे. वेधशाळेचे काम रात्री चालते. मध्यरात्री तारीख बदलली तर एकाच रात्रीच्या नोंदी दोन तारखांत विभागल्या जातात. दुपारी बदलली तर संध्याकाळी सहाची नोंद २४५१५४५.२५ आणि त्याच रात्रीनंतर पहाटे पाचची नोंद सुमारे २४५१५४५.७१, दोन्हींचा पूर्णांक एकच. टॉलेमीपासून खगोलशास्त्रज्ञ दिवस दुपारी सुरू करत आले होते. १९२५ पासून त्यांनी इतर कामांसाठी मध्यरात्रीचा दिवस स्वीकारला, पण जेडीला हात लावला नाही. अर्धा दिवस सरकवला असता तर आधी छापलेले सगळे तक्ते अर्ध्या दिवसाने खोटे ठरले असते. अर्थात ही सोय युरोपपुरतीच. ग्रीनिचला दुपारचे बारा वाजतात तेव्हा जपानमध्ये रात्रीचे नऊ असतात, त्यामुळे तिथल्या निरीक्षकाचा क्रमांक ऐन निरीक्षणाच्या मध्यात बदलतो.

४७१३ हे वर्ष आले कुठून

त्या वर्षी आकाशात काहीही विशेष घडले नव्हते. हे वर्ष निव्वळ अंकगणितातून निघाले आहे, आणि ते गणित पाहण्यासारखे आहे.

जोसेफ स्कॅलिगर हा सोळाव्या शतकातला फ्रेंच विद्वान. जुन्या इतिहासातल्या तारखा जुळवणे हा त्याचा ध्यास. प्रत्येक राज्याचा संवत वेगळा, प्रत्येक बखरकाराचे वर्ष वेगळ्या दिवशी सुरू होणारे. या सगळ्यांना पोटात घेईल असा एक लांबलचक कालखंड त्याला हवा होता, ज्यात ज्ञात इतिहासातले कोणतेच वर्ष ‘उणे’ पडणार नाही. १५८३ मध्ये त्याने तो मांडला. त्यासाठी त्याने त्या काळी युरोपात प्रचलित असलेली तीन चक्रे घेतली. पहिले २८ वर्षांचे: ज्युलियन कॅलेंडरात दर २८ वर्षांनी त्याच तारखांना पुन्हा तेच वार येतात. दुसरे १९ वर्षांचे: साधारण १९ वर्षांनी चंद्राच्या कला पुन्हा त्याच तारखांना येतात. तिसरे १५ वर्षांचे: हे आकाशातले नव्हेच, रोमन साम्राज्याच्या कर आकारणीचे. पण जुन्या कागदपत्रांवर त्या चक्रातला वर्षाचा क्रमांक लिहिलेला असे, म्हणून इतिहासकाराला ते टाळता येत नव्हते.

२८, १९ आणि १५ यांत १ सोडून सामाईक अवयव नाही, म्हणून तिन्ही चक्रे एकदम सुरू होण्याची वेळ २८ × १९ × १५ म्हणजे ७९८० वर्षांनी एकदाच येते. हा झाला ज्युलियन कालखंड. आता त्याची सुरुवात शोधायची. इ.स.पू. १ या वर्षाचा क्रमांक पहिल्या चक्रात ९, दुसऱ्यात १ आणि तिसऱ्यात ३ होता, हे आधीच ठरलेले होते. तेव्हा असा आकडा हवा, ज्याला २८ ने भागले तर ९ उरतील, १९ ने भागले तर १ उरेल आणि १५ ने भागले तर ३ उरतील. ७९८० च्या आत असा आकडा एकच: ४७१३. पडताळून पाहा: २८ × १६८ = ४७०४, उरले ९. १९ × २४८ = ४७१२, उरला १. १५ × ३१४ = ४७१०, उरले ३. म्हणजे इ.स.पू. १ हे कालखंडातले ४७१३ वे वर्ष, आणि म्हणून पहिले वर्ष इ.स.पू. ४७१३. बायबलमधून काढलेल्या सृष्टीच्या जन्मसालाशी याची गाठ घालायचा मोह अनेकांना होतो. त्याची काहीच गरज नाही, उरलेल्या बाक्या सगळे सांगतात.

स्कॅलिगर मात्र वर्षे मोजत होता, दिवस नव्हे. त्या कालखंडाच्या पहिल्या दुपारपासून दिवस मोजण्याची पद्धत खगोलशास्त्रात रुजली ती एकोणिसाव्या शतकात, मुख्यतः जॉन हर्षल या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाच्या १८४९ मधल्या ग्रंथामुळे. सलग दिवस मोजण्याची कल्पना अर्थातच त्याहून कितीतरी जुनी आहे. आपल्या ज्योतिषग्रंथांतला अहर्गण हाच प्रकार, फक्त त्याचा शून्य कलियुगाच्या आरंभी.

आता नावाचे पाहू. स्कॅलिगरच्या वडिलांचे नाव ज्युलियस सीझर स्कॅलिगर. त्यामुळे ‘मुलाने वडिलांच्या आठवणीसाठी हे नाव दिले’ अशी गोड गोष्ट पुस्तकांतून फिरते. पण खुद्द स्कॅलिगरने लिहून ठेवले आहे की हा कालखंड ज्युलियन वर्षाला अनुसरून बेतला म्हणून त्याला ज्युलियन म्हटले. तेव्हा कॅलेंडरशी नाते आहे, पण ते एवढेच: शून्य कुठे ठेवायचा हे ठरवताना ज्युलियन वर्षाची फूटपट्टी वापरली. शून्य एकदा ठरल्यावर कॅलेंडरचे काम संपले.

आणि ज्युलियन कॅलेंडर

ज्युलियन कॅलेंडर ही दिवसांना नावे देण्याची पद्धत आहे. रोमच्या ज्युलियस सीझरने ती इ.स.पू. ४५ पासून लागू केली. बारा महिने, ३६५ दिवस आणि दर चौथ्या वर्षी एक जादा दिवस. यात वर्षाची सरासरी ३६५.२५ दिवस पडते. ऋतूंचे वर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान आहे. एका माणसाच्या आयुष्यात हा फरक जाणवत नाही, पण सुमारे १२८ वर्षांत तो एका दिवसाचा होतो. सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात, म्हणजे वसंतात दिवस-रात्र समान होण्याचा क्षण, दहा दिवसांनी अलीकडे आला होता. तेव्हा पोप तेरावा ग्रेगरी याच्या आदेशाने १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडवला गेला आणि पुढे दर ४०० वर्षांत तीन लीप दिवस गाळायचे ठरले.

ही दुरुस्ती सर्वांनी एकदम मानली असती तर खगोलशास्त्रज्ञांना एकच सांधा लक्षात ठेवावा लागला असता. तसे झाले नाही. इटली आणि स्पेनने ती लगेच उचलली. ब्रिटनने १७५२ पर्यंत वाट पाहिली आणि तेव्हा ११ तारखा वगळाव्या लागल्या. रशियात ३१ जानेवारी १९१८ नंतर १४ फेब्रुवारी आला. त्यामुळेच रशियातली ‘ऑक्टोबर क्रांती’ इतर जगाच्या तारखांनुसार ७ नोव्हेंबर १९१७ ची, तर तिथल्या कॅलेंडरात २५ ऑक्टोबरची. त्या दिवसाच्या दुपारचा जेडी मात्र एकच आहे: २४२१५४०. पेत्रोग्राडहून मोजा नाहीतर पॅरिसहून.

४ ऑक्टोबर १५८२ च्या दुपारी जेडी २२९९१६० होता. दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे १५ ऑक्टोबरला, तो २२९९१६१ झाला. तारखेने उडी मारली आणि आकडा एका पायरीने पुढे गेला. वारांनीही उडी मारली नाही: ४ तारखेला गुरुवार होता, १५ ला शुक्रवार. जेडीच्या पूर्णांकाला ७ ने भागून वार काढता येतो, तो याच सलगपणामुळे. बाकी ० आली तर सोमवार, ३ आली तर गुरुवार. २२९९१६० ला भागून पाहा, ३ च उरतात.

दोन ताऱ्यांचे गणित

तारखेवरून जेडी काढण्याचे एक प्रचलित सूत्र असे आहे. Y वर्ष, M महिना, D दिवस. महिना जानेवारी किंवा फेब्रुवारी असेल तर तो मागच्या वर्षाचा तेरावा किंवा चौदावा धरायचा, म्हणजे लीप दिवस वर्षाच्या अगदी शेवटी जातो आणि मध्ये लुडबुड करत नाही. INT म्हणजे अपूर्णांक सोडून देणे.

```
JD = INT(365.25*(Y+4716)) + INT(30.6001*(M+1)) + D + B - 1524.5

ज्युलियन तारीख:    B = 0
ग्रेगोरियन तारीख:   A = INT(Y/100),  B = 2 - A + INT(A/4)
```

हे सूत्र इतके मोकळेपणाने लिहिण्याचे कारण ते B नावाचे पद. दोन कॅलेंडरांमधला सगळा फरक त्या एकाच अक्षरात बसला आहे. बाकीचे सूत्र दोघांना सारखेच.

टायकोचा तारा: ११ नोव्हेंबर १५७२, ज्युलियन तारीख, म्हणून B शून्य. ३६५.२५ × ६२८८ = २२९६६९२. पुढे ३०.६००१ × १२ चा पूर्णांक ३६७. त्यात ११ मिळवून १५२४.५ वजा केले की २२९५५४५.५ येतात. शेवटचा .५ सांगतो की ही त्या तारखेची सुरुवात आहे, मध्यरात्र. त्या दिवशीची दुपार २२९५५४६.

केप्लरचा तारा: ९ ऑक्टोबर १६०४, इटलीत तेव्हा ग्रेगोरियन कॅलेंडर चालू होते. ३६५.२५ × ६३२० = २३०८३८०. मग ३०.६००१ × ११ चा पूर्णांक ३३६, आणि दिवस ९. आता B: A आहे १६, म्हणून २ − १६ + ४ = −१०. सगळे मिळून २३०७१९०.५.

वजाबाकी करा: २३०७१९०.५ − २२९५५४५.५ = ११६४५. सुरुवातीला जास्तीचे धरले गेलेले दहा दिवस इथे B ने कापले. उत्तर जर्मनीतल्या एखाद्या प्रोटेस्टंट शहरात हाच तारा त्याच संध्याकाळी दिसला असता, तर तिथल्या वहीत तारीख २९ सप्टेंबर १६०४ पडली असती. ती तारीख B शून्य धरून सूत्रात घाला: २३०८३८० + ३०६ + २९ − १५२४.५ = २३०७१९०.५. आकडा तोच.

यातून एक गोष्ट लक्षात घ्यायची. जेडी स्वतः कोणत्याच कॅलेंडरचा नाही, पण जेडी काढण्यासाठी मूळ तारीख कोणत्या कॅलेंडरातली आहे हे आधी माहीत असावेच लागते. ते ज्ञान जेडी तुम्हाला देत नाही. जुन्या नोंदीवर नुसती तारीख असेल तर ती कोणत्या शहरात लिहिली गेली आणि तिथे कॅलेंडर कधी बदलले, हा शोध इतिहासकाराच्या वाट्याला उरतोच.

संगणक इथे कसा फसवतो

हातचे गणित कोण करणार, संगणक आहेच, असे म्हणाल. तर एसक्यूलाइट या लोकप्रिय डेटाबेसला हाच प्रश्न विचारून पाहा:

```
SELECT julianday('1604-10-09') - julianday('1572-11-11');
-- 11655.0
```

तेच चुकीचे उत्तर, पण आता दशांश चिन्हाच्या रुबाबात. हा प्रोग्रॅम सगळ्याच तारखा, कितीही जुन्या असोत, ग्रेगोरियन मानतो. त्याच्या लेखी १५८२ मध्ये काही घडलेच नाही. तसे त्याच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेही आहे, म्हणून त्याला दोष देता येत नाही, पण वाचतो कोण? तुमचे साधन जुन्या तारखांचे काय करते हे ओळखायची सोपी कसोटी: ४ आणि १५ ऑक्टोबर १५८२ यांतला फरक विचारा. १ आला तर ते १५८२ ला कॅलेंडर बदलते. ११ आला तर नाही.

दुसरा सापळा अर्ध्या दिवसाचा आहे, आणि तो कितीतरी जास्त लोकांना गाठतो, कारण तो आजच्या तारखांनाही लागू आहे.

```
-- SQLite
SELECT julianday('2000-01-01');               -- 2451544.5
-- PostgreSQL
SELECT to_char(date '2000-01-01', 'J');       -- 2451545
```

पहिला प्रोग्रॅम त्या तारखेच्या मध्यरात्रीचा खरा जेडी देतो. दुसरा त्या तारखेला मिळून एक पूर्णांक देतो, जो दुपारच्या जेडीशी जुळतो, पण तो मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंतच्या साऱ्या दिवसाला लावतो. दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत. एकाचा आकडा दुसऱ्यात घातला की बारा तासांची चूक. आणि बारा तासांनी किती बिघडते? ययाती तारकासमूहातला अल्गॉल हा तारा दर २.८६७३ दिवसांनी मंदावतो, कारण त्याचा अंधुक जोडीदार त्याच्या पुढून जातो. हा मंदपणा सुमारे दहा तास टिकतो. अर्ध्या दिवसाची चूक झाली तर तुम्ही दुर्बीण लावाल तेव्हा ग्रहण सुटून गेलेले असेल, नाहीतर अजून लागलेलेच नसेल. कॅलेंडरची दहा दिवसांची चूक तर याहून मजेदार: १० ला २.८६७३ ने भागले की ३.४९ येतात, म्हणजे जवळपास साडेतीन फेऱ्या. तारा सर्वात मंद असायला हवा तिथे तो नेमका विरुद्ध टोकाला सापडेल.

अर्ध्या दिवसाच्या या कटकटीवर खगोलशास्त्रज्ञांनी स्वतःही एक उतारा काढला आहे. १९५७ मध्ये स्पुटनिक उडाला तेव्हा त्याचा माग ठेवणाऱ्या स्मिथसोनियन वेधशाळेला संगणकात एवढा लांब आकडा साठवणे जड जात होते. हल्लीच्या कोणत्याही जेडीची सुरुवात ‘२४’ नेच होते, मग ते दोन अंक दर वेळी का वाहायचे? म्हणून त्यांनी जेडीतून २४०००००.५ वजा केले. याला सुधारित ज्युलियन दिवस म्हणतात, लघुरूप एमजेडी. तो १७ नोव्हेंबर १८५८ च्या मध्यरात्री शून्य होता आणि वजाबाकीतल्या त्या .५ मुळे त्याचा दिवस मध्यरात्रीच बदलतो. १ जानेवारी २०२५ ला सुरुवातीला जेडी होता २४६०६७६.५ आणि एमजेडी ६०६७६.

अंक वाचवण्याची गरज आजही पूर्ण संपलेली नाही. संगणकात ३२ बिटांच्या दशांश संख्येत जेडी ठेवला तर साडेचोवीस लाखांच्या आसपास त्या संख्येची सर्वात बारीक पायरी पाव दिवसाची पडते. म्हणजे सहा तासांच्या आतले काहीच नोंदवता येत नाही, आणि प्रोग्रॅम तक्रारही करत नाही. आलेखावर सगळे बिंदू .०, .२५, .५, .७५ अशाच रांगांत उभे दिसले तर समजावे की कुठेतरी ही संख्या चिंचोळ्या खोक्यात कोंबली गेली आहे. ६४ बिटांत पायरी सुमारे ४० मायक्रोसेकंदांची होते, जी अल्गॉलसाठी पुरून उरते. पल्सार या झपाट्याने फिरणाऱ्या ताऱ्यांच्या नियमित ठोक्यांना मात्र तीही अपुरी, म्हणून तिथे पूर्णांक आणि अपूर्णांक वेगवेगळ्या खणांत ठेवतात.

एवढे सगळे नीट केले तरी जेडी कोणत्या घड्याळाचा आणि कुठल्या जागेचा, हे विचारावे लागते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे वर्षभरात एखाद्या ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत कधी आठ मिनिटे आधी, तर कधी आठ मिनिटे उशिरा पोचतो. अल्गॉलसारख्या ताऱ्याच्या वेळा महिनोन्‌महिने जुळवायच्या असतील तर हा फरक काढून टाकून, जणू आपण सूर्यावर उभे राहून पाहतो आहोत अशी वेळ लिहितात. तिला सूर्यकेंद्री जेडी म्हणतात. आणखी काटेकोर कामात सूर्याऐवजी सूर्यमालेचा वस्तुमानकेंद्र घेतात. तक्त्यात नुसता ‘जेडी’ लिहिलेला असेल आणि हे सांगितलेले नसेल, तर त्या वेळांवर मिनिटांच्या हिशेबात विसंबू नये.

जिथे ज्युलियन वर्ष खरोखरच उरले आहे

वर म्हटले की शून्य ठरल्यावर कॅलेंडरचे काम संपले. जेडीपुरते ते खरे आहे. पण ज्युलियन वर्षाची लांबी, नेमके ३६५.२५ दिवस, खगोलशास्त्रात दुसऱ्या दाराने आत आली आणि टिकून राहिली. प्रकाशवर्ष मोजताना जे वर्ष धरतात ते हेच. ताऱ्यांच्या याद्यांवर जे2000.0 असा शिक्का असतो, त्यातला ‘जे’ ही ज्युलियनचाच, आणि तो क्षण म्हणजे जेडी २४५१५४५.०. तिथून पुढे किती ज्युलियन वर्षे गेली हे हवे असेल तर चालू जेडीतून २४५१५४५ वजा करून ३६५.२५ ने भागायचे. ऋतूंच्या दृष्टीने हे वर्ष थोडे लांब आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण इथे कोणाला ऋतू सांभाळायचेच नाहीत. दिवसांच्या पटीत सांगता येईल असे एक ठरीव, न बदलणारे एकक हवे आहे, आणि सीझरचे ओबडधोबड वर्ष त्या कामाला फिट बसते.

शेवटी एक तिसराच गृहस्थ याच नावाने वावरतो, त्याची ओळख करून दिली पाहिजे. कारखान्यांत, गोदामांत आणि लष्करी कागदांवर ‘ज्युलियन डेट’ म्हणून जो आकडा छापतात तो बहुधा वर्षातला कितवा दिवस एवढेच सांगतो: १ जानेवारीला ००१, ३१ डिसेंबरला ३६५ किंवा ३६६, आणि त्याच्या आधी वर्षाचे दोन अंक जोडलेले. २५०३२ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा दिवस, १ फेब्रुवारी. याचा ना स्कॅलिगरशी संबंध, ना सीझरच्या लीप वर्षांशी. हातात आलेला आकडा कोणता हे बहुतेक वेळा त्याच्याकडे पाहूनच कळते. ‘२४’ ने सुरू होणारे सात अंक आणि पुढे दशांश असतील तर जेडी. सध्याच्या काळातले, साठ-एकसष्ट हजारांच्या घरातले पाच अंक असतील तर एमजेडी. पाच अंकी आकड्याचे शेवटचे तीन अंक कधीच ३६६ च्या वर जात नसतील, तर तो वर्षातला दिवस आहे. एकुलता एक आकडा पाहून हे ठरवू नये, कारण ६०१०० हा एमजेडीही असू शकतो. दहा-वीस ओळी खाली जाऊन पाहिले की उलगडा होतो.